टक्के कुटुंबांचे की माणसांचे?

मार्च २०१२ मध्ये जनगणनेतल्या घरयादीचे आकडे जाहीर झाले आणि देशभर एकच मथळा गाजला: भारतात संडासापेक्षा फोन जास्त. आकडे खरे होते. ६३.२ टक्के कुटुंबांकडे फोन होता आणि ४६.९ टक्के कुटुंबांच्या घरात संडास होता. पण हे आकडे सांगताना वाक्य हळूच बदलतं. ‘६३ टक्के कुटुंबांकडे फोन’ याचं ‘६३ टक्के भारतीयांकडे फोन’ होतं. भाषणात होतं, अग्रलेखात होतं, महापालिकेच्या अहवालातही होतं. जनगणनेने असं काहीही म्हटलेलं नव्हतं. घरात एकच मोबाईल, तो बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर यंत्रमागावर. घरी बायको, म्हातारी आई आणि तीन पोरं. जनगणनेच्या लेखी हे फोन असलेलं कुटुंब आहे आणि ती नोंद बरोबर आहे. सहाच्या सहा जणांकडे फोन असल्याचं आपण परस्पर ठरवतो.

सोलापुरात हा घोळ जास्त महागात पडतो, कारण इथली कुटुंबं एका मापाची नाहीत. पूर्व भागात खाली माग आणि वर दोन भावांचे संसार असतात. जुळे सोलापुरात निवृत्त नवरा-बायको असतात आणि पोरं पुण्याला. विडी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत सात-आठ माणसं असतात. या सगळ्यांना ‘एक कुटुंब’ म्हणून मोजायचं आणि मग शंभरातली टक्केवारी काढायची, हे कुटुंबांपुरतं ठीक आहे. त्यावरून माणसांबद्दल बोलायला लागलो की गणित फसतं.

आधी कुटुंब म्हणजे काय ते पाहू. जनगणनेची व्याख्या साधी आहे. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. कामामुळे कुणाला बाहेर जेवावं लागत असेल, तरी तो त्याच कुटुंबातला. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही, मालकी कुणाची याचाही संबंध नाही, रेशनकार्डही पाहत नाहीत. चूल एक तर कुटुंब एक. घर ही गोष्ट आणखी वेगळी. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून ज्याला स्वतंत्र दार आहे ते जनगणनेचं एक घर. मग ते दुकान असो, शाळा असो, कारखाना असो की कुलूप लावलेली खोली. २०११ च्या जनगणनेत देशात अशी ३३ कोटींहून जास्त घरं मोजली गेली, त्यातली जवळपास अडीच कोटी रिकामी होती. कुटुंबं मात्र २५ कोटींच्या आतच होती आणि माणसं १२१ कोटी. तीन वेगळ्या मोजण्या, तीन वेगळे आकडे. बातमीत तिन्हींना ‘घरं’ म्हटलं जातं तिथेच घोटाळा सुरू होतो.

प्रगणकाला दारात उभं राहून हे ठरवायचं असतं. प्रगणक बहुतेक वेळा जवळच्याच शाळेतल्या शिक्षिका असतात. त्या विचारतात, “मावशी, स्वयंपाक एकत्रच का?” उत्तर येतं, “सकाळचा एकत्र असतो बाई. रात्री धाकटी तिचं तिचं करते.” आता हे एक कुटुंब की दोन? त्या बाईंना तिथेच, उन्हात, एका रकान्यात निकाल लावावा लागतो. थोरलीच्या नावावर सगळे नऊ जण लिहिले, तर नऊ माणसांचं एक कुटुंब. वेगळं लिहिलं, तर पाच आणि चार अशी दोन कुटुंबं. माणसं दोन्ही वेळा नऊच राहतात. म्हणून माणसांचा आकडा जास्त घट्ट असतो आणि कुटुंबांचा आकडा चुलीच्या हिशेबावर हलतो. गणना वाचणाऱ्याने ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी.

आता टक्केवारीकडे येऊ. समजा एका गल्लीत दहा कुटुंबं आहेत. सहा कुटुंबांत तीन-तीन माणसं, म्हणजे अठरा जण. त्यांच्याकडे घरात संडास आहे. उरलेल्या चार कुटुंबांत आठ-आठ माणसं, म्हणजे बत्तीस जण. त्यांच्याकडे नाही. घरयादीत ही गल्ली कशी दिसेल? दहापैकी सहा, म्हणजे ६० टक्के कुटुंबांकडे संडास. नगरसेवक सांगेल की अर्ध्याहून जास्त काम झालं. माणसं मोजा. पन्नासपैकी अठरा, म्हणजे ३६ टक्के. अर्ध्याहून जास्त काम राहिलं आहे. गल्ली तीच, माणसं तीच, खोटं कुणीही बोललेलं नाही. फरक इतकाच की कुटुंबाच्या टक्केवारीत तीन जणांच्या कुटुंबाला एक मत आहे आणि आठ जणांच्या कुटुंबालाही एकच.

याच गल्लीची सरासरीही फसवते. पन्नास माणसं, दहा कुटुंबं, म्हणजे सरासरी पाच. पण या गल्लीत पाच माणसांचं एकही कुटुंब नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला ‘तुमच्या घरी किती जण?’ असं विचारून उत्तरांची सरासरी काढली, तर ती सहाच्या वर जाते. कारण मोठ्या कुटुंबात जास्त माणसं असतात आणि त्यातला प्रत्येक जण ‘आठ’ असंच सांगतो. सरासरी कुटुंब पाचाचं, पण सरासरी माणूस सहापेक्षा मोठ्या कुटुंबात राहतो. खोलीत किती दाटी आहे, एका नळावर किती जण आहेत, अभ्यासाला कोपरा मिळतो का, हे प्रश्न त्या माणसाचे आहेत.

ही गल्ली मी रचलेली आहे. देशाचे खरे आकडे घेतले तर हाच फरक आणखी ढळढळीत दिसतो. घरयादीनुसार एकट्याने राहणाऱ्यांची कुटुंबं ३.७ टक्के होती आणि नऊ किंवा त्याहून जास्त माणसांची ६.६ टक्के. नुसतं वाचलं तर मोठी कुटुंबं एकट्यांच्या दुपटीहूनही कमी वाटतात. देशातली एकूण कुटुंबं त्या वेळी २४ कोटी ६७ लाख होती. त्यातली ६.६ टक्के म्हणजे सुमारे १ कोटी ६३ लाख कुटुंबं. प्रत्येकात कमीत कमी नऊ जण धरले तरी साडेचौदा कोटींहून जास्त माणसं होतात. म्हणजे देशातल्या दर आठ माणसांमागे जवळपास एक. एकटे राहणारे नव्वद-एक लाख, म्हणजे शंभर माणसांमागे एकही नाही. कुटुंबांत मोजलं तर एकास पावणेदोन, माणसांत मोजलं तर एकास सोळा. ज्या धोरणाचं लक्ष कुटुंबांच्या टक्केवारीवर असतं, त्याला ही साडेचौदा कोटी माणसं ६.६ टक्के इतकीच दिसतात.

आणखी एक गफलत इथेच होते. २०११ ची जनगणना आणि त्यानंतरचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण शेजारी शेजारी ठेवून ‘इतकी प्रगती’ असा तक्ता काढला जातो. २०१९-२१ च्या सर्वेक्षणाच्या माहितीपत्रकात सुधारित संडासाचा देशाचा आकडा ७०.२ टक्के आहे आणि तो नीट वाचला तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं: सुधारित संडास वापरणाऱ्या कुटुंबांत राहणारी लोकसंख्या. म्हणजे हे माणसांचे टक्के. जनगणनेचे ४६.९ टक्के कुटुंबांचे. व्याख्याही एक नाही, कारण जनगणनेने घराच्या आवारात संडास आहे का ते पाहिलं आणि सर्वेक्षणाने कोणत्या प्रकारचा वापरता ते विचारलं. दोन आकड्यांतली वजाबाकी करून जे उरतं ते प्रगतीचं माप नाही. खरी प्रगती झालेली असेलही, पण ती या वजाबाकीतून कळत नाही.

आता सोलापूरच्या वेशीबाहेर, कुंभारीला जाऊ. विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथे आधीच झाली होती. त्यानंतर माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने रे नगर उभं राहिलं. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षावाले यांना स्वतःचं दार मिळणं ही सोलापूरच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी ती लढून मिळवली त्यांना माझा सलाम. पण तिथली लोकसंख्या किती, असं विचारलं की उत्तर येतं, ‘तीस हजार कुटुंबं.’ हे लोकसंख्येचं उत्तर नाही.

तीस हजारला कितीने गुणायचं? कुणी चारने गुणतो आणि सव्वा लाखाच्या आसपास पोचतो. कुणी पाचाने गुणतो आणि दीड लाख सांगतो. एका माणसाचा फरक किरकोळ वाटतो. पण ग्रामीण पाणीपुरवठ्याचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे आणि कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव आहे. घरटी एक माणूस जास्त निघाला की तीस हजार माणसं जास्त होतात आणि दिवसाला साडेसोळा लाख लिटर पाणी जास्त लागतं. नळजोडणी कुटुंबाला मिळते, पाणी माणसं पितात. ‘शंभर टक्के घरांत नळ’ हा फलक लागला तरी टाकी चार जणांच्या हिशेबाने बांधलेली असेल, तर सातव्या-आठव्या माणसाची अंघोळ उरतेच.

मग कोणता गुणक खरा? देशाची सरासरी इथे चालणार नाही आणि त्याचं कारण योजनेच्या व्याख्येत आहे. रे नगर ज्या पंतप्रधान आवास योजनेतून उभं राहिलं, तिच्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. जनगणनेत कुटुंब म्हणजे एक चूल. शहरातल्या एखाद्या चाळीत आई-बाप, थोरला मुलगा, सून, दोन नातवंडं आणि धाकटी मुलगी असे सात जण एकाच चुलीवर जेवत होते. जनगणनेच्या हिशेबी एक कुटुंब, योजनेच्या हिशेबी दोन. थोरल्याच्या नावावर घर लागलं, तो बायको-पोरांसह कुंभारीला गेला. आता तिथे चार, इथे तीन. एक कुटुंब होतं त्याची दोन झाली, सरासरी सातावरून साडेतीनवर आली. या सगळ्यात नवं माणूस एकही जन्मलेलं नाही.

देशभर नेमकं हेच चाललं आहे, नवी घरं मिळोत वा न मिळोत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, कुटुंबं मात्र २८ टक्क्यांहून जास्त वाढली. सोलापूर महापालिकेची लोकसंख्या त्या काळात ८,७२,४७८ वरून ९,५१,५५८ झाली, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. आपण मग म्हणतो की शहर वाढलंच नाही. पण नळजोडणी, वीजमीटर, गॅस, घंटागाडीचे थांबे, मालमत्ता कराच्या नोंदी हे सगळं कुटुंबांमागे चालतं आणि कुटुंबं माणसांपेक्षा वेगाने वाढत असली, तर लोकसंख्या थांबली तरी हा भार थांबत नाही. उलट शाळेचे वर्ग, रुग्णालयातल्या खाटा, धान्य आणि पाण्याचे लिटर माणसांमागे चालतात. एकच वाढीचा दर घेऊन दोन्ही अंदाजपत्रकं करणारी महापालिका एकीकडे पैसे वाया घालवते आणि दुसरीकडे तुटवडा करते.

रे नगरमधलं ज्या घराला अजून कुलूप आहे ते जनगणनेत घर म्हणून मोजलं जाईल, कुटुंब म्हणून नाही. चावी दिलेली घरं, राहती घरं आणि राहणारी माणसं हे तीन आकडे वेगळे ठेवल्याशिवाय तिथे शाळा किती लागतील आणि बस किती, हे कुणालाही सांगता येणार नाही.

माणसांच्या मोजणीतही एक अडचण आहे आणि ती आपल्या जिल्ह्यात थेट शेतात उभी राहते. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू होतं ते मार्चपर्यंत चालतं. या काळात बीडकडून ऊसतोड मजूर येतात आणि आपल्याकडच्या कोरडवाहू भागातूनही टोळ्या बाहेर जातात. मुकादम त्यांना मोजतो ते कोयत्याने. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते, ऊस कोयत्यावर मोजला जातो. पाठीवरचं पोर आणि कोपीत धाकट्याला सांभाळणारी नऊ वर्षांची मुलगी कोयत्यात धरली जात नाहीत.

जनगणनेचं वेळापत्रक याच्याशी कसं जुळतं ते बघा. गेल्या वेळी आपल्याकडे घरयादी २०१० च्या उन्हाळ्यात झाली. त्या वेळी मजूर गावी होते. प्रगणकाने लिहिलं, कुटुंब एक, माणसं सात. माणसांची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या वीस दिवसांत, ऐन हंगामात. नियम असा की या वीस दिवसांत जो माणूस घरी थोडाही राहिला किंवा २८ फेब्रुवारीपर्यंत परत येणार आहे, तो घरी मोजायचा. जो पूर्ण काळ बाहेर आहे तो जिथे आहे तिथे मोजायचा. म्हणजे गावातल्या घरी उरले आजी-आजोबा. तेच घर, तेच कुटुंब, पण आता दोन माणसांचं. उरलेले पाच जण इकडे माळशिरस किंवा पंढरपूर तालुक्यातल्या कोपीत मोजले जायला हवेत. प्रगणक कोप्यांपर्यंत गेला तर ते सापडतात. टोळी पहाटे चारला फडात गेलेली असेल आणि दिवसा कोपीवर फक्त पोरं असतील, तर पाच जणांची नोंद निसटू शकते.

निसटली तर कळतं कसं? गावपातळीवर पहा. मजूर बाहेर जाणाऱ्या गावात दर कुटुंबामागची माणसं शेजारच्या गावांपेक्षा अचानक कमी दिसतात आणि शून्य ते सहा वयाची पोरंही कमी दिसतात, कारण लहान पोरं आईबापांबरोबर गेलेली असतात. अशा गावाबद्दल ‘इथे छोट्या कुटुंबाचा विचार रुजला’ असं लिहिणारा अहवाल कुणी समोर ठेवला, तर त्याला गावकऱ्यांनी खुशाल विचारावं की मोजणी कोणत्या महिन्यात झाली. आणि जिथे हे मजूर येतात त्या कारखान्याच्या गावात उलटं दिसायला हवं. दिसत नसेल, तर कोप्या मोजल्या गेल्या नाहीत अशी शंका घ्यायला जागा आहे.

हा हिशेब ताटापर्यंत जातो म्हणून मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोन प्रकारचे लाभार्थी. अंत्योदय म्हणजे गरिबातले गरीब. त्यांना महिन्याला ३५ किलो धान्य, पण कार्डामागे, म्हणजे कुटुंबामागे. दुसरे प्राधान्य कुटुंबातले. त्यांना माणशी ५ किलो. आता सातने भाग द्या. सात माणसांच्या कुटुंबाला दोन्हीकडे ३५ किलोच मिळतात. म्हातारा-म्हातारी दोघंच असलेल्या अंत्योदय कार्डावर माणशी साडेसतरा किलो पडतात. नऊ जणांच्या अंत्योदय कुटुंबात माणशी चार किलोही येत नाहीत. तेच नऊ जण प्राधान्य यादीत असते तर ४५ किलो मिळाले असते. ज्यांना सर्वात गरीब म्हणून निवडलं, त्यातल्याच मोठ्या कुटुंबांना दहा किलो कमी. दुकानदाराने मापात मारलेलं नाही, कायद्यातच एक गट कुटुंबाने मोजला आहे आणि दुसरा माणसाने.

रेशन दुकानावर ही गोष्ट लोकांना तोंडपाठ असते. ‘कार्ड वेगळं करून घे’ हा सल्ला सासू स्वतः सुनेला देते. वेगळं कार्ड काढलं म्हणजे दुसरं अंत्योदय मिळतंच असं नाही, कारण त्याचा कोटा ठरलेला असतो. तरी लोक धडपडतात आणि त्यात काही गैर नाही. मग एका चुलीवर जेवणारी माणसं दोन कार्डांवर असतात आणि जनगणनेचं कुटुंब, रेशनचं कुटुंब आणि घरकुलाचं कुटुंब अशी तीन वेगवेगळी कुटुंबं एकाच छपराखाली नांदतात. एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या कुटुंबसंख्येवर बोट ठेवून ‘इतकी बोगस कार्डं’ म्हणणं हा अन्याय आहे. आधी दोघांच्या व्याख्या समोरासमोर ठेवा.

या कायद्याची एकूण मर्यादाही माणसांत ठरलेली आहे. ग्रामीण भागात देशभर ७५ टक्के, शहरी भागात ५० टक्के, आणि तीही २०११ च्या लोकसंख्येवर. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून सुमारे ७ कोटी माणसं आली. त्यानंतर जन्मलेलं पोर या मर्यादेत बसवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढावं लागतं.

आता नव्या जनगणनेचं वेळापत्रक ठरलेलं आहे. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ च्या दरम्यान, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे पुन्हा गाळपाच्या हंगामातच. गेल्या वेळचा अनुभव पाहता नळ, संडास, फोन, खोल्या यांची टक्केवारी कुटुंबांची येईल. जे स्वतः आकडे उघडून पाहतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. २०११ च्या प्राथमिक जनगणना सारात `No_HH` हा रकाना कुटुंबांचा आणि `TOT_P` हा माणसांचा. या दोन्हींत वसतिगृहं, तुरुंग, मठ यांसारखी संस्थात्मक कुटुंबं आणि बेघर धरलेले असतात. घरयादीच्या तक्त्यांत मात्र संस्थात्मक कुटुंबं नसतात. काही अंशी त्यामुळेही देशाची कुटुंबं एका ठिकाणी २४ कोटी ६७ लाख दिसतात आणि दुसऱ्या ठिकाणी २४ कोटी ९५ लाख. देशपातळीवर यातून फारसं बिघडत नाही. गावपातळीवर बिघडतं. दोनशे कुटुंबं आणि नऊशे माणसं असलेल्या गावात तीनशे मुलांची आश्रमशाळा असली, तर सारात २०१ कुटुंबं आणि बाराशे माणसं दिसतील. सरासरी जवळपास सहा निघेल, गावात खरी ती साडेचार आहे. तेव्हा भागाकार करताना अंश आणि छेद एकाच तक्त्यातले घ्या आणि गावात मोठं वसतिगृह आहे का ते आधी विचारा.

माणसांचे टक्के काढायला नवी मोजणी लागत नाही. घरयादीच्या त्याच कागदावर कुटुंबात किती माणसं राहतात हा प्रश्न असतो आणि त्याखालीच नळ, संडास, खोल्यांचे प्रश्न असतात. दोन्ही उत्तरं एकत्र लावली की प्रत्येक प्रभागात किती माणसांच्या घरी नळ नाही, हे थेट सांगता येतं. माणसांच्या टक्केवारीचा हा दुसरा रकाना प्रभागवार छापावा, अशी मागणी सोलापूर महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने जनगणना संचालनालयाकडे आताच लेखी करावी. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांसाठी सकाळऐवजी रात्रीची फेरी ठेवावी आणि त्यासाठी साखर कारखान्यांकडून टोळ्यांची गाववार यादी जानेवारीतच मागवून घ्यावी. कोणती टोळी कोणत्या गावच्या फडात आहे, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला रोज माहीत असतं.